सभेच्या आदल्या रात्री : सोसायटीचं पहिलं खरं बजेट

डोंबिवलीतल्या एका चाळीस फ्लॅटच्या गृहनिर्माण सोसायटीत मी संध्याकाळची ज्युनिअर क्लार्क होते. पावत्या फाडायच्या, व्हाउचरला नंबर द्यायचा, नोटीस बोर्डावर कागद लावायचा, इतकंच काम. त्या मार्चमध्ये नवे सेक्रेटरी काका आले. सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "गेल्या वर्षीचं बजेट दाखव बरं." मी फाइलमधला कागद काढून दिला. त्यावर तीन ओळी होत्या : गेल्या वर्षीचा खर्च, अधिक दहा टक्के, भागिले चाळीस. उत्तर महिन्याला २,३०० रुपये, सगळ्यांना सारखं.

काकांनी कागद परत दिला आणि म्हणाले, "हे बजेट नाही गं, हा गुणाकार आहे. या वेळी नीट करू. तू मांड, मी तपासतो."

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, पण तेव्हा बजेट मांडलं तर चालू वर्षाचे सहा महिने उलटून गेलेले असतात. म्हणून त्यांनी मार्चच्या एका रविवारी सकाळी दहा वाजता विशेष सभा बोलावली, म्हणजे नवे दर १ एप्रिलपासून लागू करता येतील. शनिवारी रात्री आठ वाजता मी ऑफिसात बसले तेव्हा माझ्याकडे वर्षभराच्या बिलांची फाइल, बँकेचं पासबुक, मागचा ऑडिट रिपोर्ट आणि एक जुना कॉम्प्युटर होता. त्या रात्री ज्या क्रमाने काम झालं, त्याच क्रमाने लिहिते. कुणाच्या सोसायटीत असा पहिला कागद करायची वेळ आली तर हाच क्रम उपयोगी पडेल.

आधी बिलं, मग बेरीज

पहिली चूक मी पहिल्या दहा मिनिटांत केली. पासबुकातल्या खर्चाच्या नोंदींची बेरीज घ्यायला लागले. सोपं वाटतं, पण पासबुकात पैसे कधी गेले ते कळतं, कशासाठी गेले ते कळत नाही. फेब्रुवारीचं वॉचमनचं बिल मार्चमध्ये भरलेलं असतं, आणि मागच्या मार्चचं बिल एप्रिलमध्ये. त्या हिशेबाने कुठल्या वर्षात तेरा महिने येतात, कुठल्या वर्षात अकरा.

म्हणून फाइल सोडली, पिना काढल्या आणि बिलं टेबलावर खात्यांप्रमाणे लावली. वॉचमन, सफाई, वीज, पाणी, लिफ्ट, विमा, दुरुस्ती, ऑफिस. प्रत्येक ढिगात बाराच्या बारा महिने आहेत का ते मोजलं. सफाईच्या ढिगात अकराच निघाली. जुलैचे पैसे रोखीने दिले होते आणि व्हाउचर केलेलंच नव्हतं. पासबुकातून बेरीज घेतली असती तर हे कधीच दिसलं नसतं. मार्चचं बिल अजून आलेलं नसतं, तिथे अंदाज धरायचा आणि आकड्याच्या शेजारी "अंदाज" असं लिहून ठेवायचं.

यात सगळ्यांत जास्त वेळ विजेने खाल्ला. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे एकाच कॉमन मीटरवर होते. बिलं दहा-अकरा हजारांच्या आसपास, आणि ऑक्टोबरचं एकदम १९,४०० रुपये. मला वाटलं पंप रात्रभर चालू राहिला असेल. बिलं एकाखाली एक ठेवून चालू रीडिंग आणि मागील रीडिंग वाचत गेले तेव्हा उलगडा झाला. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मीटर रूमला कुलूप होतं, रीडिंग मिळालं नव्हतं, आणि दोन्ही बिलं सरासरीवर कमी रकमेची आली होती. ऑक्टोबरमध्ये खरं रीडिंग लागलं आणि राहिलेला सगळा फरक त्या एका बिलात आला.

विजेसाठी रुपयांची बेरीज करू नका, युनिटची करा. आमचे वर्षाचे युनिट १४,२०० भरले. वर्षाच्या एकूण बिलाला युनिटने भागलं की स्थिर आकार वगैरे सगळं धरून एका युनिटला ९.६० रुपये पडत होते. दर थोडा वाढेल असं धरून मी १० रुपये घेतले आणि वीजखर्च १,४२,००० मांडला. पुढच्या वर्षी बिल वाढलं तर युनिट वाढले की दर वाढला, हेही लगेच सांगता येतं.

येणारं वर्ष महिन्यांनी मांडा

सरसकट दहा टक्के वाढवण्यात अडचण अशी की काही खर्च वाढत नाहीत आणि काही एकदम उडी मारतात. लिफ्टचा वार्षिक देखभाल करार दोन वर्षांसाठी ठरलेला होता, त्यात एक रुपयाही वाढणार नव्हता. सिक्युरिटी एजन्सीचं पत्र मात्र फाइलच्या तळाशी सापडलं : १ जुलैपासून महिना ३२,००० ऐवजी ३५,०००. म्हणजे तीन महिने जुन्या दराने ९६,००० आणि नऊ महिने नव्या दराने ३,१५,०००, मिळून ४,११,०००.

काका साडेनऊला डोकावले तेव्हा त्यांनी ते पत्र चष्मा वर करून वाचलं. "जीएसटी धरून आहे का बघितलंस?" मी बघितलं नव्हतं. आकड्याखाली बारीक अक्षरात "जीएसटी धरून" असं होतं, म्हणून वाचलो. ते करांखेरीज असतं तर महिन्याला १८ टक्के म्हणजे ६,३०० रुपये वर चढले असते, आणि नऊ महिन्यांत ५६,७०० रुपयांचा खड्डा पडला असता. एजन्सीचं, लिफ्ट कंपनीचं किंवा पेस्ट कंट्रोलवाल्याचं कोणतंही कोटेशन बजेटमध्ये घेण्याआधी ही एक ओळ शोधाच.

वर्षातून एकदाच येणारे खर्च महिन्याच्या बिलांत दिसत नाहीत, ते आठवून लिहावे लागतात. दिवाळीचा बोनस, ऑडिट फी, विम्याचा हप्ता, लिफ्टची तपासणी, पावसाळ्याआधी टाक्या धुणं. वॉचमन काकांनी चहा आणून दिला तेव्हा मी त्यांनाच विचारलं, गेल्या वर्षी अचानक काय काय बिघडलं? त्यांनी बोटं मोजत सांगितलं : पंपाची मोटर जळली, गच्चीच्या पाइपला गळती लागली, गेटचं चाक तुटलं. तिन्हींची बिलं "इतर" नावाच्या पाकिटात होती.

सेवा शुल्काची, म्हणजे पगार, वीज, ऑफिस अशा रोजच्या खर्चांची, यादी शेवटी अशी झाली : सुरक्षा ४,११,०००, सफाई १,०८,०००, क्लार्कचा पगार ८४,०००, बोनस २०,०००, कॉमन वीज १,४२,०००, ऑडिट १५,०००, छपाई-टपाल-सभा-बँक १२,०००, फेडरेशनची वर्गणी आणि कायदेशीर सल्ला ५,०००. एकूण ७,९७,०००. "इतर" असं खातं मी ठेवलं नाही. मागच्या वर्षी त्या पाकिटातून मोटर, पाइप आणि चाक निघाले, आणि तिन्ही खरं तर दुरुस्तीत जायला हवे होते.

चाळीसने भागायचं काय आणि काय नाही

इथे जुना कागद साफ चुकला होता. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांत, प्रत्येक खर्च कसा वाटायचा हे वेगवेगळं दिलेलं आहे. आमच्याकडे ४५० चौरस फुटांचे २४ फ्लॅट होते आणि ६५० चौरस फुटांचे १६. त्या सगळ्यांना सारखे २,३०० लावणं हे नियमाला धरून नव्हतं.

सेवा शुल्क सगळ्यांना समान. वॉचमन लहान फ्लॅटची कमी राखण करत नाही. ७,९७,००० भागिले ४० भागिले १२ म्हणजे १,६६०.४२. पाचच्या पटीत वर नेऊन १,६६५ केलं. शीटमध्ये एकूण रक्कम बी-१२ या खान्यात असेल तर :

```
=ROUNDUP(B12/40/12/5,0)*5
```

लिफ्टचा खर्चही समान, आणि तळमजल्याने लिफ्ट वापरली नाही तरी समान. देखभाल करार आणि सुटे भाग मिळून ६०,०००, म्हणजे फ्लॅटला महिना १२५.

पाणी मात्र नळांवर. उपविधी सांगतात की प्रत्येक फ्लॅटला दिलेल्या नळजोडांची संख्या आणि आकार बघा. आमच्याकडे सगळे जोड एकाच मापाचे होते. लहान फ्लॅटला ४, मोठ्याला ६, एकूण १९२. पाण्याचा खर्च १,१५,००० धरला होता, म्हणजे एका जोडाला महिन्याला जेमतेम ५० रुपये. लहान फ्लॅटला २००, मोठ्याला ३००. आपल्या फ्लॅटमध्ये नंतर जास्तीचा नळ कुणी बसवला असेल तर ते मोजायला घरोघर जावं लागतं. मी ते आठवडाभर आधी केलं होतं, आणि बरं झालं. रात्री अकराला कुणाची बेल वाजवणार?

विमा क्षेत्रफळावर. १०,६०० रुपये आणि एकूण २१,२०० चौरस फूट, म्हणजे फुटाला वर्षाला ५० पैसे. महिन्याला लहान फ्लॅटला १९, मोठ्याला २७.

दुरुस्ती फंड आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी राखून ठेवायचे पैसे, हे दोन्ही बांधकाम खर्चावर काढायचे. सिंकिंग फंड वर्षाला किमान पाव टक्का, दुरुस्ती फंड किमान पाऊण टक्का. पाव आणि पाऊण सगळ्यांच्या लक्षात राहतं, चूक होते ती "कशाचा" या ठिकाणी. मी आधी करारनाम्यातली फ्लॅटची किंमत घेतली. लहान फ्लॅटचा नुसता दुरुस्ती फंड महिन्याला सातशेच्या घरात गेला आणि माझं मलाच खटकलं. किमतीत जमीन असते, बिल्डरचा नफा असतो, आणि हे टक्के फक्त बांधकामाच्या खर्चावर आहेत, जमीन वगळून. तो आकडा आर्किटेक्टच्या दाखल्यात मिळतो. आमचा दाखला सोसायटीच्या नोंदणीच्या वर्षाच्या फाइलमध्ये होता : चौरस फुटाला १,२०० रुपये. लहान फ्लॅटचा बांधकाम खर्च ५,४०,००० आणि मोठ्याचा ७,८०,०००. त्यावरून दुरुस्ती फंड महिन्याला ३३८ आणि ४८८, सिंकिंग फंड ११३ आणि १६३. दाखला हरवला असेल तर अंदाजाने आकडा टाकू नका, आर्किटेक्टकडून नवा घ्या. सभेत पहिला प्रश्न याच आकड्यावर येतो.

सगळं जोडलं तेव्हा लहान फ्लॅटचं मासिक बिल २,४६० आणि मोठ्याचं २,७६८ झालं. मग उलटी तपासणी केली. सगळे खर्च आणि फंड मिळून वर्षाला १२,३७,००० लागणार होते. २४ फ्लॅट गुणिले २,४६० आणि १६ फ्लॅट गुणिले २,७६८, गुणिले १२, म्हणजे १२,३९,९३६ येत होते. फरक २,९३६ रुपयांचा, वर नेलेल्या पैशांचा. या दोन बेरजांमधला फरक काही हजारांच्या पुढे गेला तर वाटणीत कुठेतरी चूक आहे असं समजा. माझा पहिल्यांदा पन्नास हजारांहून जास्त निघाला होता. पाण्याचे १९२ जोड मी १४४ घेतले होते, आणि शिवाय मोठे फ्लॅट सतरा मोजले होते.

आणखी एक गोष्ट निघाली. भाड्याने दिलेल्या नऊ फ्लॅटना आम्ही नॉन-ऑक्युपन्सी म्हणून महिन्याला २३० रुपये लावत होतो, म्हणजे पूर्ण मेंटेनन्सच्या दहा टक्के. शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेऊ नका असं सांगतो. १,६६५ चे दहा टक्के म्हणजे १६६ रुपये. नऊ घरमालकांकडून जास्त घेतलं जात होतं. मी ते लाल शाईने लिहिलं. आणि या उत्पन्नावर बजेटचा कोणताही खर्च टाकला नाही, कारण मालक स्वतः राहायला आला की ते बंद होतं.

साडेपाच लाख कुणाचे?

साडेअकराला आईचा फोन आला, जेवलीस का म्हणून. डबा उघडला तेव्हा काकाही समोर येऊन बसले होते. त्यांच्या डोक्यात एकच होतं : बँकेत ५,४८,००० रुपये शिल्लक आहेत, मग लोक म्हणतील दर वाढवता कशाला? कमिटीतल्या दोघांनी तर त्या पैशांतून कंपाउंडची भिंत रंगवायचंही ठरवून टाकलं होतं.

मी जेवता जेवता ऑडिट रिपोर्टमधला ताळेबंद उघडला. डाव्या बाजूला, देण्यांमध्ये, "सिंकिंग फंड ४,३२,०००" असं होतं. जुन्या बिलांवर फ्लॅटला महिना १०० रुपये सिंकिंग फंड छापलेला असे. वर्षाला ४८,०००, आणि नऊ वर्षांचे बरोबर ४,३२,०००. मग उजव्या बाजूला गुंतवणूक बघितली. तिथे एकच मुदत ठेव होती, १,००,००० रुपयांची. पहिल्या काही वर्षांत केलेली. त्यानंतर कुणी ठेव केलीच नव्हती. ३,३२,००० रुपये बचत खात्यात रोजच्या पैशांत मिसळून पडले होते.

मी काकांपुढे रिपोर्ट सरकवला आणि दोन्ही आकड्यांवर पेन्सिलीने गोल केला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाकीचंही काढ."

बाकीचं असं निघालं. चार जणांनी पुढच्या वर्षाचा मेंटेनन्स आगाऊ भरला होता, ४६,०००. मार्चची वॉचमन, वीज वगैरे बिलं अजून द्यायची होती, ५८,०००. दुरुस्तीसाठी घरात तोडफोड करणाऱ्या दोन सभासदांच्या परत करायच्या अनामत रकमा होत्या, ४०,०००. पाच अठ्ठेचाळीस मधून हे सगळं वजा केलं तर सोसायटीचे म्हणावे असे ७२,००० उरले. रोजचा चालू खर्च महिन्याला साधारण ८२,००० होता. म्हणजे साडेपाच लाखांची सोसायटी एक महिनाही स्वतःच्या पैशावर चालली नसती.

हे तुमच्या सोसायटीत आहे का ते बघायला पाच मिनिटं लागतात. ताळेबंदाच्या देण्यांच्या बाजूचा सिंकिंग फंड आणि मालमत्तेच्या बाजूच्या त्या नावाच्या ठेवी, हे दोन आकडे शेजारी ठेवा. सारखे नसतील तर फरक कुठेतरी खर्च झालाय किंवा बचत खात्यात मिसळलाय. सिंकिंग फंडाला रोजच्या खर्चासाठी हात लावता येत नाही. मोठी दुरुस्ती, पुनर्बांधणी किंवा रचनेतले बदल यांसाठी, सर्वसाधारण सभेच्या ठरावाने आणि आर्किटेक्टच्या दाखल्यावरच तो वापरायचा असतो. भिंतीचा रंग त्यात बसत नाही.

थकबाकीबद्दलही त्याच वेळी ठरवलं. तीन फ्लॅटचे मिळून १,६५,००० येणं होतं. कमिटीला ते उत्पन्नात धरायचं होतं. मी धरलं नाही. ते मागच्या वर्षांच्या बिलांचे पैसे आहेत, एकदा उत्पन्नात लिहून झालेत. पुन्हा लिहिले तर तेच पैसे दोनदा मोजल्यासारखं होतं. त्यांची वेगळी ओळ केली, आणि त्यावर व्याज किती लावायचं ते सभेने ठरवावं असं लिहिलं. तेव्हाच्या उपविधींप्रमाणे ते सरळ व्याजाने वर्षाला २१ टक्क्यांहून जास्त असू शकत नव्हतं.

सभेपुढे ठेवायचा कागद

रात्री एकला कागद करायला घेतला. काकांनी दोन पानांपेक्षा जास्त नको असं सांगितलं होतं. पहिल्या पानावर खाती : गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, पुढच्या वर्षीचा अंदाज, आणि तिसऱ्या रकान्यात फरकाचं कारण, एका ओळीत. "एजन्सीचं पत्र, १ जुलैपासून ३५,०००." "१४,२०० युनिट, १० रुपये." कारणाचा रकाना हाच त्या पानाचा जीव. तो नसता तर प्रत्येक आकड्यावर उभं राहून बोलावं लागलं असतं.

दुसऱ्या पानावर फक्त दोन नमुना बिलं, लहान फ्लॅटचं आणि मोठ्याचं, प्रत्येक ओळीसमोर वाटणीचा आधार लिहिलेला : समान, नळांवर, क्षेत्रफळावर, बांधकाम खर्चावर. त्याखाली दुरुस्ती फंडाच्या १,९०,८०० चा बेत. टाक्या, पंप, प्लंबिंग, पेस्ट कंट्रोल आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग मिळून १,२०,०००, उरलेले ७०,८०० पुढच्या रंगकामासाठी बाजूला. शेवटी ५,४८,००० ची ती वजाबाकी, एकाखाली एक, ७२,००० पर्यंत. काका म्हणाले होते, ही वजाबाकी लपवायची नाही, सगळ्यांत मोठ्या अक्षरात छाप.

सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. कमिटी नुसता मसुदा ठेवते, दर ठरवायचा अधिकार सभेचाच, हे काकांनी सुरुवातीलाच सांगितलं. तळमजल्यावरच्या आजोबांनी लिफ्टचे १२५ का द्यायचे म्हणून विचारलं. काकांनी उपविधीतला मजकूर वाचून दाखवला. मोठ्या फ्लॅटवाल्यांचं बिल महिन्याला ४६८ ने वाढत होतं, ते चिडले होते. त्यांच्यातल्याच एका ताईंनी दुसरं पान उलटवून ओळी मोजल्या आणि म्हणाल्या, "यात पाणी आणि फंड सोडले तर आपलं आणि त्यांचं जवळजवळ सारखंच आहे की." त्यानंतर गाडी शिलकेवर आली. पाच अठ्ठेचाळीसचे बहात्तर कसे झाले, हा प्रश्न तिघांनी विचारला, आणि तिघांनाही मी पानावर बोट ठेवून दाखवलं.

ठराव दोन झाले. एक, १ एप्रिलपासून मांडलेल्या दराने बिलं काढायची. दुसरा, सिंकिंग फंडाचे ३,३२,००० रुपये वेगळे काढून ठेवीत टाकायचे आणि पुढे दर तिमाहीला जमा होईल तसे टाकत जायचे. सोमवारी दुपारी काका आणि खजिनदार जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत जाऊन आले. संध्याकाळी त्यांनी ठेवीची पावती माझ्या टेबलावर ठेवली. मी गुंतवणूक रजिस्टर काढलं. त्यात नऊ वर्षांत एकच नोंद होती. तिच्याखाली तारीख, पावती क्रमांक आणि रक्कम लिहिली, आणि काकांची सही घेतली.